आकाशात हिरवा दिसला म्हणजे बेरियम, पण दरवेळी नाही

फटाक्यांचे रंग कशाने येतात यावर शाळेच्या पुस्तकात एक तक्ता असतो, स्ट्रॉन्शियम लाल, बेरियम हिरवा, सोडियम पिवळा, तांबं निळा, कॅल्शियम भगवा, आणि बहुतेक लेख तो तक्ता देऊन तिथेच थांबतात. तक्ता बरोबरच आहे. पण त्यावर विसंबून आकाशात बघायला गेलं की गडबड होते, कारण तोच बेरियम एका रॉकेटमध्ये पाचूसारखा हिरवा दिसतो, दुसऱ्यात पांढरट पोपटी दिसतो, आणि फुलबाजीत तर दिसतच नाही, असूनही. तांबं तर त्याहून नाठाळ, ते मनाला येईल तेव्हा निळं आणि मनाला येईल तेव्हा हिरवं. त्यामुळे आपण आज मुख्यतः हिरव्याच्या मागे लागू, कारण हिरवा नीट समजला की बाकीचे रंग वाचायला सोपे जातात, आणि आपल्याकडे हिरव्याचा संबंध थेट सुप्रीम कोर्टापर्यंत जातो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. फटाक्यात प्रकाश दोन प्रकारे येतो. एक म्हणजे घन कण तापून लाल, मग सोनेरी, मग पांढरा होतो तो, लोहाराच्या भट्टीत लोखंड तापतं तसा. भुईनळ्याच्या सोनेरी ठिणग्या हा हाच प्रकार, त्यात लोखंडाचा कीस आणि कोळसा असतो, त्या ठिणग्या मॅग्नेशियमच्या मानाने थंड म्हणून सोनेरी. तिथे ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम घातलं तर तापमान वाढतं आणि ठिणगी चंदेरी, पांढरी होते. या प्रकारात रंगावरून धातू ओळखायला जाऊ नका, रंग तापमान सांगतो, धातूचं नाव नाही. आकाशातून खाली ओघळत येणारी ती लांब सोनेरी झुंबरं असतात ना, तीही बहुतेक कोळशाचीच.

दुसरा प्रकार म्हणजे वायू झालेले अणू किंवा रेणू. ते गरम ज्योतीत ऊर्जा घेतात आणि सोडताना ठराविकच रंगाचा प्रकाश सोडतात, दुसरा नाही. घरी गॅसवर भाताची पेज उतू गेली की निळ्या ज्योतीत एकदम पिवळा भडका उडतो, तो मिठातल्या सोडियमचा, ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, आणि तो इतका पक्का असतो की कुठल्याही फटाक्यातला सोडियम याच जागी दिसणार. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही याच प्रकारातले आहेत. फक्त एक मोठा फरक आहे. सोडियमचा सुटा अणूच चमकतो, पण बाकीच्या तिघांत चमकतो तो धातूचा अणू नाही, धातू आणि क्लोरीन यांची जोडी. बेरियम आणि क्लोरीनची जोडी हिरवा देते, स्ट्रॉन्शियम आणि क्लोरीनची लाल, तांबं आणि क्लोरीनची निळा. रसायनशास्त्रात यांना BaCl, SrCl, CuCl असं लिहितात. BaCl आणि SrCl या रूपांत बाटलीत भरून ठेवता येत नाहीत, ते फक्त ज्योतीत तयार होतात आणि ज्योत विझली की संपतात.

मग कोणी विचारेल, साधं बेरियम क्लोराइडच का नाही भरत? ते दुकानात मिळतं, पांढरी भुकटी असते. पण त्याचा एक रेणू म्हणजे एक बेरियम आणि दोन क्लोरीन, पुन्हा पावडर पाणी धरते, आणि ओली दारू म्हणजे न पेटणारी किंवा धड न पेटणारी दारू. म्हणून फटाका बनवणारे दोन गोष्टी वेगवेगळ्या घालतात. बेरियम नायट्रेट घालतात, ते बेरियमही देतं आणि जळायला ऑक्सिजनही देतं, आणि क्लोरीनसाठी वेगळा काहीतरी, बऱ्याचदा पीव्हीसीची भुकटी, हो, पाइपवाली पीव्हीसी, किंवा क्लोरीन असलेला रबरासारखा पदार्थ. पोटॅशियम परक्लोरेट असेल तर त्यातूनही थोडं क्लोरीन येतं. हे सगळं इंधनात मिसळून, डेक्स्ट्रिनसारख्या चिकट पदार्थाने बांधून त्याच्या छोट्या गोळ्या करतात, त्यांना स्टार म्हणतात. आकाशात फुललेल्या फुलातला प्रत्येक ठिपका म्हणजे असा एक जळणारा स्टार.

आता क्लोरीन कमी पडलं तर काय होतं ते बघा, कारण आकाशातल्या फिकट हिरव्याची पहिली शंका इथेच घ्यायची. ज्योतीत बेरियमच्या भोवती ऑक्सिजनही असतो, आणि बेरियम ऑक्सिजनला खूप पटकन धरून बसतो. तो बेरियम ऑक्साइड जेव्हा चमकतो तेव्हा एकाच जागी हिरवा देत नाही, हिरव्यापासून पिवळ्यापर्यंत पसरलेला प्रकाश देतो. डोळ्याला तो पोपटी, धुरकट दिसतो. क्लोरीन भरपूर असलं की BaCl बनतो, त्याचा प्रकाश साधारण ५०५ ते ५३५ नॅनोमीटरमध्ये दाटतो आणि डोळा त्याला स्वच्छ हिरवा म्हणतो. ज्योतीत इंधन थोडं जास्त ठेवणं हाही यातलाच भाग आहे, ऑक्सिजनची चंगळ केली की बेरियम ऑक्साइडकडे जातो. लाल रंगाचंही असंच आहे, क्लोरीन कमी पडलं की गर्द लालऐवजी शेंदरी-नारंगी लाल येतो. म्हणून दोन लाल फटाके शेजारी उडाले आणि एक नारंगीकडे झुकला तर लगेच स्ट्रॉन्शियम नाहीच असं म्हणू नका, त्यात क्लोरीन कमी असेल किंवा कॅल्शियम-सोडियमची भेसळ असेल.

भेसळीचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो कारण तो जवळजवळ सगळीकडे असतो. सोडियम म्हणजे पायात येणारी मांजर आहे, कुठेही जा, ते तिथे आधीच असतं. पावडरीत, डिंकात, हाताच्या घामात. आणि त्याचा पिवळा इतका जोरदार की शेजारचा नाजूक हिरवा-निळा दाबून टाकतो. म्हणूनच रंगीत स्टारमध्ये ऑक्सिजन देणारं केमिकल पोटॅशियमचं घेतात, सोडियमचं नाही. पोटॅशियमचे स्वतःचे रंग डोळ्याच्या अगदी कडेला पडतात, एक लालच्या पलीकडे ७६६-७७० नॅनोमीटरला आणि एक जांभळ्याच्या टोकाला ४०४ ला, म्हणून ते असून नसल्यासारखं. पिवळा मुद्दाम हवा असेल तेव्हाही सोडियम नायट्रेट फारसं चालत नाही, ते पाणी ओढून घेतं, तेव्हा सोडियम ऑक्झॅलेट किंवा क्रायोलाइट वापरतात.

फिकटपणाचं दुसरं कारण म्हणजे जास्तीचं तापमान, आणि इथे मला वाटतं बनवणाऱ्यांची खरी कसोटी आहे. रंग उजळ दिसावा म्हणून मॅग्नेशियम किंवा मॅग्नेलियम, म्हणजे मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचा मिश्र धातू, घालतात. त्यामुळे ज्योत तापते आणि जास्त BaCl रेणू जास्त जोमाने चमकतात, म्हणजे हिरवा प्रखर होतो. पण मॅग्नेशियम जळून मॅग्नेशियम ऑक्साइडचे घन कण होतात आणि ते तापून पांढरा प्रकाश देतात, आणि त्या पांढऱ्यात तुमचा हिरवा वाहून जातो. यावर उपाय पुन्हा क्लोरीनच. पीव्हीसीतून आलेलं क्लोरीन त्या ऑक्साइडच्या कणांना मॅग्नेशियम क्लोराइडच्या वायूत बदलायला मदत करतं आणि पांढरेपणा कमी होतो. म्हणजे क्लोरीन दोन कामं करतं, एकीकडे हिरवा घडवतं, दुसरीकडे पांढरा पुसतं. रॉकेट फुटलं, हिरवा दिसला पण मधे दुधाळ झाक होती, तर बहुधा धातू जास्त आणि क्लोरीन कमी. हिरवा गर्द होता पण मंद होता, तर धातू कमी. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की फटाक्यांकडे बघायची मजा वेगळीच असते, खरं सांगतो.

निळ्याकडे येतो, कारण तांब्याने सगळ्यांचा घाम काढलाय. CuCl हा रेणू निळा-जांभळा देतो, ४२० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपास, पण तो नाजूक आहे, ज्योत फार तापली की मोडतो. मोडल्यावर तांबं ऑक्सिजन-हायड्रोजनच्या संगतीत जातं आणि CuOH हिरवा देतं, ५२५ ते ५५५ च्या दरम्यान. म्हणून निळ्या स्टारमध्ये धातूची पूड फार घालता येत नाही, थंडच ठेवावं लागतं, आणि थंड ठेवलं की उजेड कमी. त्यात आपला डोळाही निळ्याला हिरव्याइतका भाव देत नाही. म्हणून खरा निळा नेहमी थोडा मंद, खोल दिसतो. चमचमता फिकट निळा दिसला की बहुतेक वेळा त्यात मॅग्नेशियमचा पांढरा मिसळलेला असतो. एक गंमत अशी की शेजारी सोनेरी-पिवळा असला तर साधा पांढरटही निळसर वाटतो, म्हणून निळा ओळखताना तो ठिपका काळ्या आकाशासमोर एकटा असताना बघावा. आणि फटाके उडायला लागून वीस मिनिटं झाली की धुराचा थर जमतो, धूर निळा प्रकाश सगळ्यात जास्त विखुरतो, शेवटचे निळे त्यामुळे आणखी मळके दिसतात, त्यात फटाक्याचा दोष नाही.

तांबं आणि बेरियम दोघेही हिरवा देऊ शकतात हे आता लक्षात आलं असेल, आणि इथूनच तक्त्याची खरी अडचण सुरू होते. तिसरा उमेदवार बोरॉन. बोरॉनच्या संयुगांचा हिरवा येतो तो BO2 या रेणूमुळे, त्याला क्लोरीनची गरज नसते. २०११ मध्ये अमेरिकन सैन्याच्या संशोधकांनी बोरॉन कार्बाइडचा हिरवा सिग्नल फ्लेअर बनवता येतो असं दाखवलं, बेरियमशिवाय. डोळ्याने हे सगळे हिरवेच. पण प्रकाश फोडून बघितला तर वेगळे निघतात. फोडायला प्रयोगशाळा लागत नाही, जत्रेत आणि विज्ञान प्रदर्शनात मिळतात ते इंद्रधनुष्य दाखवणारे कागदी चष्मे लागतात, ज्यांच्या पातळ फिल्मवर बारीक रेषा असतात.

त्या चष्म्याचं फटाक्यांशी चांगलं जमतं याला कारण आहे. शाळेच्या वर्णपटमापकात बारीक फट लागते, नाहीतर रंग एकमेकांवर पडतात. आकाशातला स्टार मात्र लांबून एक ठिपकाच असतो, त्यामुळे फटीचं काम तो स्वतःच करतो. चष्म्यातून बघितलं की प्रत्येक ठिपक्याच्या बाजूला त्याचा स्वतःचा छोटा वर्णपट दिसतो. सोनेरी झुंबर असेल तर लाल ते जांभळा अखंड पट्टा, म्हणजे तापलेले कण. लाल स्टार असेल तर लाल-नारंगीत दोन-तीन गठ्ठे आणि हिरवा-निळा भाग जवळजवळ रिकामा. चांगला बेरियमचा हिरवा असेल तर हिरव्यात एक घट्ट गठ्ठा. आणि जवळजवळ प्रत्येक स्टारला पिवळ्यात एक टोकदार ठिपका, तोच तो सोडियम. बोरॉनचा असेल तर हिरव्यात एकाऐवजी तीनेक रुंद पट्टे दिसतात. फक्त फोनचा कॅमेरा इथे विश्वासाचा नाही, फोन प्रखर ठिपका पांढराफटक करून टाकतो आणि रंग आपल्या मर्जीने बदलतो, त्यामुळे फोटो दाखवून ‘बघ, हा पांढरा आहे’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, चष्मा द्या.

ही पद्धत नवी नाही. १८५९-६० मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये गुस्टाव्ह किरखॉफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांनी ज्योतीच्या वर्णपटावरून मूलद्रव्यं ओळखायची पद्धत बसवली आणि त्यातूनच पुढे सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यं सापडली. त्यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात, की एकदा रात्री मॅनहाइमला मोठी आग लागली होती, तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीतून मैदानापलीकडे वर्णपटमापक रोखला आणि आगीत बेरियम आणि स्ट्रॉन्शियम आहे हे बसल्या जागी ओळखलं. तिथे रंगांचा साठा होता की आणखी काही, त्या किस्स्यापेक्षा मला त्यामागचा विचार आवडतो, की लांबून नुसता प्रकाश बघून सांगता येतं काय जळतंय ते.

आता आपल्याकडे. आपल्याकडच्या फटाक्यांचा मोठा भाग तमिळनाडूतल्या शिवकाशीहून येतो. क्लोरेट आणि गंधक एकत्र करून दारू करायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, कारण ते मिश्रण घर्षणानेही भडकतं, त्यामुळे रंगासाठी बेरियम नायट्रेट सोयीचं ठरलं, स्वस्त, कोरडं राहणारं, आणि एकट्यानेच रंग आणि ऑक्सिजन दोन्ही देणारं. २३ ऑक्टोबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं फटाक्यांमध्ये बेरियमचे क्षार वापरायला मनाई केली, कारण पाण्यात विरघळणारे बेरियमचे क्षार विषारी असतात आणि धुराबरोबर हवेत जातात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं त्याच सुमारास कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांची सूत्रं पुढे आणली. पण बंदी पाळली जात नाही अशा तक्रारी आल्या, कोर्टानं सीबीआयला चौकशी करायला सांगितलं, तपासलेल्या नमुन्यांत बेरियमचे क्षार निघाले, आणि २९ ऑक्टोबर २०२१ ला कोर्टानं पुन्हा खडसावलं. २०२३ मध्येही परवानगी मागणारी विनंती फेटाळली गेली.

मग दिवाळीत गच्चीवरून हिरवं फूल फुललेलं दिसलं तर कायदा मोडला असं समजायचं का? नुसत्या डोळ्याने नाही. पण अंदाज बांधता येतो. अंधारात खूप प्रखर आणि तरी स्वच्छ, पिवळटपणा नसलेला हिरवा असेल आणि चष्म्यातून हिरव्यात एकच दाट गठ्ठा दिसला, तर बेरियमची शंका रास्त आहे. निळसर हिरवा, मोरपंखी असेल तर तांब्याची शक्यता धरायची, किंवा बेरियम आणि तांबं दोन्ही, कारण मोरपंखी रंग या दोघांच्या मिश्रणानेही करतात. जांभळ्याचंही असंच, ते बहुतेकदा एका धातूचं नसतं, स्ट्रॉन्शियमचा लाल आणि तांब्याचा निळा एकत्र असतो, चष्म्यातून बघितलं की दोन टोकांना दोन वेगळे गठ्ठे आणि मधे मोकळं.

एक उदाहरण पूर्णच लावून बघू. समजा एक शॉट वर गेला, फुटला, आणि ठिपके आधी लाल, मग मधेच हिरवे, शेवटी चटचट आवाज करत पांढरे होऊन विझले. रंग असा बदलतो कारण स्टारची गोळी थराथराने केलेली असते, बाहेरचा थर जळून संपला की आतला पेटतो. बाहेरच्या थरात स्ट्रॉन्शियम आणि क्लोरीन, रंग नारंगीकडे नव्हता म्हणजे क्लोरीन पुरेसं होतं. दुसरा थर हिरवा पण किंचित दुधाळ, म्हणजे बहुधा बेरियम आणि जोडीला मॅग्नेलियम, क्लोरीन थोडं कमी. दोन्ही थरांत रंग बदलताना एक क्षण फिकट पिवळट झाक आली असेल तर थर नीट एकसारखे बसले नव्हते आणि काही गोळ्या आधी उतरल्या, काही नंतर. शेवटच्या चटचटीत रंग शोधायचा नाही, ती बऱ्याचदा बिस्मथ ऑक्साइड आणि मॅग्नेलियमच्या बारीक कणांची असते, पूर्वी तिथे शिशाचं ऑक्साइड असायचं. हे सगळं पुरावा नाही, अंदाज आहे, पण नुसतं ‘वा, काय रंग’ यापेक्षा बराच पुढचा.

आणि जिथे अंदाजही चालत नाही ती जागा म्हणजे पांढरी फुलबाजी. आपल्याकडे बरीच वर्षं फुलबाजीत बेरियम नायट्रेट, ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा कीस असं मिश्रण चालत आलंय. तिथे बेरियम नायट्रेट ऑक्सिजन पुरवायला असतं, रंगासाठी नाही. क्लोरीन नाही म्हणून BaCl बनत नाही, आणि ॲल्युमिनियम इतकं पांढरं तापतं की बेरियमचा जो काही थोडा हिरवट प्रकाश असेल तो त्यात हरवून जातो. म्हणजे ज्या रॉकेटमध्ये बेरियम नाही ते तांब्यामुळे हिरवं दिसू शकतं, आणि ज्या फुलबाजीत बेरियम ठासून भरलंय ती दुधासारखी पांढरी असते. तिथे चष्माही फार काही सांगत नाही, फुलबाजीची कांडी खरवडून प्रयोगशाळेत द्यावी लागते.